संगणकाचा फासा

६, ६, ५, ५, ६, ५, १, १, ५, ३.

ही फाशाची दहा दानं आहेत. विंडोजच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर घेऊन फासा टाकण्याचा अगदी साधा प्रोग्राम लिहिला आणि त्यात एक ठरावीक ओळ लिहायची राहून गेली, तर पडद्यावर हीच दहा दानं याच क्रमाने पडतात. सोलापुरात पडतात, सिंगापुरातही पडतात. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालवला, संगणक रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू केला, तरी पहिलं दान सहाच. खऱ्या फाशाने लागोपाठ ही दहा दानं याच क्रमाने देण्याची शक्यता सहा कोटींत एकाहूनही कमी आहे. इथे मात्र ती दर वेळी देतोच, कारण हा फासा कुणी टाकतच नाही. तो हिशेब करतो.

तो प्रोग्राम असा:

```c
#include <stdio.h>
#include <stdlib.h>

int main(void)
{
    int i;
    for (i = 0; i < 10; i++)
        printf("%d ", rand() % 6 + 1);
    return 0;
}
```

सगळं काम `rand` या शब्दाकडे आहे. सी भाषेबरोबर तयार मिळणाऱ्या फंक्शनांपैकी हे एक. त्याला हाक मारली की ते शून्यापासून एका कमाल आकड्यापर्यंतची कुठलीतरी पूर्ण संख्या देतं. त्या कमाल आकड्याला `RAND_MAX` असं नाव आहे. तो किमान ३२,७६७ असावा एवढीच सी भाषेच्या प्रमाण नियमांची अट. मायक्रोसॉफ्टने तो नेमका तेवढाच ठेवला आहे, लिनक्सवर तो २१४ कोटींच्या वर आहे. आलेल्या संख्येला सहाने भागून बाकी घेतली की ० ते ५ यांपैकी काहीतरी उरतं आणि त्यात एक मिळवला की फाशाचं दान तयार होतं.

पण `rand` ती संख्या आणतं कुठून? संगणकाच्या आत काही हलत नाही, घरंगळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत जे घडतं ते दोन ओळींत सांगता येतं:

```c
state = state * 214013 + 2531011;
return (state >> 16) & 32767;
```

`state` ही आत जपून ठेवलेली एक संख्या. दर हाकेला तिला २,१४,०१३ ने गुणायचं, २५,३१,०११ मिळवायचे आणि जे येईल ते पुढच्या वेळेसाठी ठेवून द्यायचं. ही संख्या ३२ बिटांच्या जागेत राहते, म्हणून गुणाकार त्या जागेत मावेनासा झाला की वरचे अंक गळून पडतात. बाहेर देताना खालचे १६ बिट टाकून द्यायचे, म्हणजेच ६५,५३६ ने भागायचं, आणि उरलेल्यातले १५ बिट द्यायचे. अमेरिकी गणितज्ञ डी. एच. लेहमर यांनी १९४९ साली मांडलेल्या कल्पनेतून ही रीत आली आहे.

कागदावर करून पाहू. सुरुवातीला `state` म्हणजे १. त्याला गुणून आणि मिळवून आले २७,४५,०२४. याला ६५,५३६ ने भागलं की पूर्णांकात ४१ येतात. ४१ ला सहाने भागून बाकी ५, त्यात एक मिळवून ६. हे झालं पहिलं दान. दुसऱ्या वेळी गुणाकार बारा आकडी होतो, त्यामुळे तो हाताने करण्यात अर्थ नाही, पण त्यातून १८,४६७ बाहेर पडतात. बाकी पुन्हा ५ आणि दान पुन्हा ६. पहिल्या संख्येपासून पुढचं सगळं ठरलेलं आहे, त्यात नशिबाला कुठेही वाव नाही.

भागाकार कशासाठी, खालचे अंक का टाकायचे, हे समजून घेण्यासारखं आहे. गुणक विषम आहे आणि मिळवायची संख्याही विषम आहे. विषम संख्येला विषमने गुणून विषम मिळवलं की सम येते. समला विषमने गुणून विषम मिळवलं की विषम येते. म्हणजे `state` ही एकदा सम, एकदा विषम, पुन्हा सम अशी कायम डोलत राहते. जुन्या काही युनिक्स यंत्रणांवरचं `rand` खालचे बिट तसेच हाती देत असे. त्यावर सहाची बाकी घेऊन केलेल्या फाशात सम दानानंतर विषम आणि विषमनंतर सम यायचंच. नाणेफेकीचा प्रोग्राम केला तर छापा, काटा, छापा, काटा. वरचे बिट जास्त ढवळलेले असतात, म्हणून मायक्रोसॉफ्टचं `rand` तेच बाहेर देतं.

लिनक्सवरची रीत निराळी आहे. तिथे याच प्रोग्रामची पहिली पाच दानं २, ५, ४, २, ६ अशी येतात. आकडे वेगळे, पण तीही दर वेळी तीच.

आता ती राहून गेलेली ओळ. `state` ची सुरुवातीची किंमत ठरवणारं फंक्शन म्हणजे `srand`. त्याला जी संख्या द्यायची तिला प्रोग्रामर सीड म्हणतात, मराठीत बीज. `srand` ला हाकच मारली नाही तर `srand(1)` लिहिलं आहे असं समजून चालायचं, असा सी भाषेचा नियम आहे. म्हणून सगळीकडे तेच ६, ६, ५, ५. मायक्रोसॉफ्टचं `rand` ही सुमारे ४२९ कोटी मण्यांची एक गोल माळ आहे असं समजा. `srand` त्या माळेत नवा मणी घालत नाही. जपाला कुठल्या मण्यापासून सुरुवात करायची एवढंच ते ठरवतं. साऱ्या खेळातली अनिश्चितता त्या एका निवडीत असते, आणि ती निवड आपण करायची असते.

बहुतेक पुस्तकं त्यासाठी घड्याळ वापरायला सांगतात:

```c
srand((unsigned)time(NULL));
```

`time(NULL)` सामान्यतः १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या वेळेनुसार, किती सेकंद उलटले ते सांगतं. प्रोग्राम दर वेळी वेगळ्या सेकंदाला सुरू होतो, म्हणून बीज वेगळं आणि दानंही वेगळी. खेळासाठी आणि अभ्यासासाठी एवढं पुरतं. मात्र ही ओळ कुठे लिहायची ते चुकलं की सगळा खेळ बिघडतो. ती चूक इतकी सर्रास होते की तिच्याकडे नीट थांबून पाहायला हवं.

विद्यार्थी फासा टाकण्याचं एक छोटं फंक्शन करतो. सगळं एका जागी असावं या चांगल्या विचाराने तो बीजही तिथेच पेरतो:

```c
int roll(void)
{
    srand((unsigned)time(NULL));
    return rand() % 6 + 1;
}
```

वाचताना यात काही खटकत नाही. पण संगणक एका सेकंदात हे फंक्शन लाखो वेळा चालवू शकतो आणि त्या पूर्ण सेकंदात `time(NULL)` एकच संख्या देत राहतं. दर हाकेला बीज तेच, म्हणून पहिली संख्या तीच, म्हणून दानही तेच. सहाशे दानं मागितली की सहाशे वेळा ४ छापले जातात. प्रोग्राम चालू असताना नेमका सेकंद पालटला तर आधी चारांचा एक ठोकळा आणि मग एकांचा दुसरा दिसतो. असे ठोकळे दिसले की दुसरीकडे शोधायची गरज नाही, `srand` चुकीच्या जागी आहे.

दोन फाशांच्या खेळात तीच चूक वेगळा चेहरा घेऊन येते. दोन्ही फासे एका क्षणात टाकले जातात, म्हणून दोन्हींवर कायम सारखंच दान: १-१, ४-४, ६-६. बेरीज नेहमी सम. दोन फाशांत सर्वांत जास्त वेळा येणारी बेरीज सात, पण ती इथे जवळजवळ कधीच येत नाही. आली तर दोन हाकांच्या मधे सेकंद पालटला होता म्हणूनच.

ही चूक शोधताना माणूस गोंधळतो याचंही कारण आहे. चूक पकडायला तो डीबगर लावतो, एकेक ओळ सावकाश चालवतो. मधे दोन-चार सेकंद जातात, तेवढ्यात घड्याळ पुढे सरकतं आणि दानं वेगवेगळी येऊ लागतात. दर डावाला एन्टर दाबायला लावणाऱ्या खेळातही असंच होतं. तपासायला गेलं की चूक गायब होते, पूर्ण वेगाने चालवलं की परत येते.

मग विद्यार्थी एक पळवाट काढतो. सेकंद बदलल्यावर दान बदलतं ना, मग दोन दानांच्या मधे एक सेकंद थांबू या. तो लूपमध्ये एका सेकंदाची विश्रांती घालतो आणि पडद्यावर दानं बदलताना दिसू लागतात. दुरुस्त झालं असं सगळ्यांनाच वाटतं. पण चूक तशीच आहे, फक्त आता ती सहज दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत बीज दर सेकंदाला एकाने वाढलं तर काय होतं ते प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. सोयीसाठी १ ते १० ही बीजं घेतली आहेत. मधल्या ओळीत त्या बीजानंतर `rand` ने दिलेली पहिली संख्या आहे आणि खालच्या ओळीत तिचं दान.

```
1   2   3   4   5   6   7   8   9   10
41  45  48  51  54  58  61  64  68  71
6   4   1   4   1   5   2   5   3   6
```

मधली ओळ पाहा. संख्या ओळीने चढत चालल्या आहेत, कधी तीनने, कधी चारने. बीज एकाने वाढलं की गुणाकार २,१४,०१३ ने वाढतो, आणि २,१४,०१३ भागिले ६५,५३६ म्हणजे साधारण ३.२७. म्हणून चार सेकंदांपैकी सुमारे तीन वेळा पहिली संख्या तीनने वाढते आणि एकदा चारने. आज घड्याळातलं बीज १७० कोटींच्या पुढे गेलं आहे, तरी हिशेब हाच, कारण दोन शेजारच्या बीजांमधला फरक एकच राहतो. संख्या ३२,७६७ च्या पलीकडे गेली की पुन्हा शून्याजवळून सुरू होते, पण ते सुमारे पावणेतीन तासांतून एकदा घडतं.

आता खालची ओळ. १ नंतर बहुतेक ४, ४ नंतर बहुतेक १. २ नंतर ५, ३ नंतर ६. आत्ता पडलेल्या दानापासून तीन घरं पुढे मोजून पैज लावणारा शंभरात सुमारे ७३ वेळा जिंकेल. खऱ्या फाशावर अशी पैज शंभरात १६ किंवा १७ वेळाच लागते. आणखी एक गोष्ट अशी की लागोपाठ दोन सेकंदांना तेच दान या फाशावर कधीच पडत नाही. थांबण्याचा वेळ दोन सेकंद केला तर चित्र पालटतं आणि जवळजवळ दर वेळी तेच दान किंवा त्याच्या पुढचं दान येतं.

अशा फाशाची साधी मोजणी केली तर तो उत्तीर्ण होतो, आणि मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. वर्गात फासा तपासायची नेहमीची रीत म्हणजे सहाशे दानं टाकायची आणि प्रत्येक आकडा सुमारे शंभर वेळा आला का ते पाहायचं. थांबत थांबत टाकलेला हा फासा त्यात छान गुण मिळवतो. संख्या एका चालीने चढत जातात, म्हणून सहाही बाक्या अगदी समान वाटल्या जातात, खऱ्या फाशाहूनही जास्त समान. प्रामाणिक फाशाच्या सहाशे दानांत प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास येतो, पण त्यात नऊ-दहाची चढउतार स्वाभाविक असते. एखादा आकडा ८८ वेळा आणि दुसरा ११३ वेळा आला तर काळजीचं कारण नाही. ८२ ते ११८ या पट्ट्याच्या फार बाहेर वारंवार जाऊ लागलं तर संशय घ्यावा. उलट प्रत्येक वेळी साऱ्या आकड्यांची मोजणी ९९, १००, १०१ अशी चिकटून येत असेल तर तितकाच संशय घ्यावा.

म्हणून मोजणीबरोबर क्रमही तपासायचा. सर्वांत सोपी कसोटी अशी: लागोपाठच्या किती जोड्यांत तेच दान पुन्हा आलं ते मोजा. खऱ्या फाशात सहापैकी एका वेळी असं होतं, म्हणजे सहाशे दानांत सुमारे शंभर वेळा. थांबणाऱ्या फाशात हा आकडा शून्य येतो. दर हाकेला बीज पेरणाऱ्या वेगवान फाशात तो सहाशेला टेकतो. दोन्ही चुका एका आकड्यावर पकडल्या जातात आणि त्यासाठी प्रोग्राममध्ये दोन-तीन ओळीच वाढवाव्या लागतात.

दुरुस्ती मात्र एका ओळीची आहे. `srand` ची ओळ `roll` मधून उचलायची आणि `main` च्या सुरुवातीला एकदाच ठेवायची. प्रोग्राम संपेपर्यंत तिला पुन्हा हात लावायचा नाही. पुन्हा पुन्हा पेरल्याने दानं जास्त बेभरवशाची होत नाहीत, कारण `rand` ने संख्या जेवढी ढवळली ती दर पेरणीला आपणच पुसून टाकत असतो.

बीज एकदाच पेरलं, योग्य जागी पेरलं, तरी एक प्रश्न उरतो: हे बीज दुसऱ्या कुणाला ओळखता येईल का? वर्गातल्या फाशाला याने काही फरक पडत नाही, पैशांच्या खेळाला पडतो. १९९९ साली इंटरनेटवरच्या पोकरमध्ये हे उघड झालं. एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने पत्ते पिसण्याचा आपला प्रोग्राम लोकांसमोर ठेवला होता. पिसणं निष्पक्ष आहे हे सगळ्यांनी पाहावं हा त्यामागचा हेतू. अमेरिकेतल्या रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या काही जणांनी तो वाचला. तो पास्कलच्या घराण्यातल्या भाषेत होता, पण यादृच्छिक संख्या काढायची तऱ्हा हीच, एका बीजातून पुढचं सगळं. बीज म्हणून वापरले होते मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद.

५२ पत्ते किती क्रमांनी लागू शकतात याचं उत्तर ८ वर ६७ शून्यं इतकं प्रचंड आहे. पण दिवसात मिलिसेकंद असतात फक्त ८ कोटी ६४ लाख. म्हणजे त्या प्रोग्रामला एका दिवसात तेवढ्याच तऱ्हांनी पत्ते पिसता येत होते. या मंडळींनी आपलं घड्याळ खेळाच्या सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवलं आणि तपासायची बीजं सुमारे दोन लाखांवर आणली. दोन लाख बीजं तपासणं घरच्या संगणकालाही जड नव्हतं. हातातले दोन आणि पटावर उघडलेले तीन असे पाच पत्ते कळले की त्यांचा प्रोग्राम प्रत्येक बीजाने पत्ते पिसून पाहायचा. ज्या बीजातून नेमके हे पाच पत्ते येतात ते सापडलं की साऱ्या खेळाडूंच्या हातातले आणि पुढे उघडायचे पत्ते डाव चालू असतानाच दिसायचे. त्यांनी हे जाहीर केलं. पिसण्याच्या त्या प्रोग्राममध्ये आणखीही एक दोष होता, पण डाव उघडा पाडायला बीज एकटं पुरेसं होतं.

आपल्या साध्या फाशाचंही हेच आहे. कुणाला प्रोग्राम कोणत्या मिनिटाला सुरू झाला ते ठाऊक असेल आणि बीज सेकंदांचं असेल, तर त्याला फक्त साठ बीजं तपासायची आहेत. पहिली चार-पाच दानं पाहिली की पुढचा सगळा खेळ त्याच्या हातात.

दान काढण्याच्या ओळीतही दोन गोष्टी आहेत. पहिली `% 6` बद्दल. मायक्रोसॉफ्टच्या `rand` कडे ३२,७६८ संख्या आहेत आणि ३२,७६८ ला सहाने भागलं की २ उरतात. त्या दोन जास्तीच्या संख्या १ आणि २ या दानांच्या वाट्याला जातात. त्यांना ५,४६२ संधी मिळतात आणि बाकीच्यांना ५,४६१. फाशासाठी हा फरक इतका बारीक आहे की तो पकडायला अब्जावधी दानं टाकावी लागतील. पण हीच ओळ घेऊन कुणी दहा हजार कूपनांची सोडत काढली तर? ३२,७६८ ला दहा हजारांनी भागून २,७६८ उरतात. म्हणजे पहिल्या २,७६८ कूपनांना प्रत्येकी चार संधी आणि उरलेल्या सात हजारांहून जास्त कूपनांना तीनच. काही लोकांची संधी इतरांपेक्षा एक तृतीयांशाने जास्त, आणि तक्रार कुणाचीच नाही, कारण ते कुणाला दिसतच नाही. यावरचा उपाय जास्तीच्या संख्या परत पाठवण्याचा आहे:

```c
do {
    r = rand();
} while (r >= 32766);
face = r % 6 + 1;
```

३२,७६६ ला सहाने पूर्ण भाग जातो. वरच्या दोन संख्या आल्या तर त्या सोडून द्यायच्या आणि पुन्हा मागायचं. हे आकडे मायक्रोसॉफ्टपुरते. दुसऱ्या यंत्रणेवर तिथल्या `RAND_MAX` वरून ती सीमा काढावी लागते.

दुसरी गोष्ट दोन फाशांची. बेरीज २ ते १२ असते, अकरा शक्यता, म्हणून काही जण `rand() % 11 + 2` लिहून मोकळे होतात. त्याने २, ७ आणि १२ सारख्याच वेळा येतात. खऱ्या दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज ७ होते, २ ची फक्त एका जोडीची. ३,६०० डावांत ७ सुमारे ६०० वेळा यायला हवा आणि २ सुमारे १०० वेळा. म्हणून फासा दोनदाच टाकावा लागतो, `roll() + roll()`. व्यापारासारखा खेळ संगणकावर उतरवताना ही चूक झाली तर दोन्ही टोकांची दानं नको तितकी वाढतात आणि खेळाची गंमतच जाते.

हे सगळं वाचून दर वेळी तीच दानं येणं हा `rand` चा दोषच आहे असं वाटेल. तसं नाही. दहा लाख डाव खेळवून एखादी शक्यता शोधणाऱ्याला प्रोग्राममध्ये मधेच गडबड दिसली, तर तोच खेळ पुन्हा तसाच घडवता यायला हवा. खऱ्या फाशाने ते कधीच साधत नाही. संगणकाच्या फाशाने साधतं, फक्त बीज लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. म्हणून अनुकरणाच्या कामात जाणती माणसं बीज आधी एका नावात साठवतात, निकालाच्या वर छापतात आणि मग `srand` ला देतात. नंतर कुणालाही ते बीज वापरून तोच निकाल पडताळून पाहता येतो. अर्थात तीच लायब्ररी हवी. विंडोजवरचं बीज लिनक्सवर नेलं तर दानं बदलतात.

जिथे कुणाचा पैसा, पासवर्ड किंवा हक्क दानावर अवलंबून आहे तिथे मात्र `rand` ला जागा नाही, बीज कितीही हुशारीने निवडलं तरी. हे ओळखून ओपनबीएसडी या यंत्रणेने आपल्याकडच्या `srand` चा परिणामच काढून टाकला आहे. तिथे `rand` थेट यंत्रणेच्या यादृच्छिक साठ्यातून संख्या देतं, आणि कुणाला जुन्या पद्धतीची पुन्हा तीच येणारी दानं हवी असतील तर त्यासाठी `srand_deterministic` हे वेगळं फंक्शन आहे. लिनक्सवर अशा कामासाठी `getrandom` आहे. ते उपकरणांच्या हालचालींतून आणि इतर बेभरवशाच्या घटनांतून जमवलेल्या साठ्यावर चालतं आणि त्याला बीज द्यावंच लागत नाही. सोडत काढणारं मंडळ असो, गृहनिर्माण सोसायटी असो की शाळा, प्रोग्राम लिहून देणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा: बीज कुठून घेतलं, आणि ते किती वेळा पेरलं? पहिल्याचं उत्तर घड्याळ किंवा दुसऱ्याचं उत्तर दर वेळी असं आलं, तर ती सोडत काढू देऊ नका.